गृहकर्जाच्या हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत घर घेतलेल्या माणसाला हप्त्याचा आकडा झोपेतही सांगता येतो. त्यातून कर्ज किती फिटलं, हे मात्र बऱ्याच जणांना चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा स्टेटमेंट काढल्यावर कळतं आणि मग धक्का बसतो. हे प्रश्न त्या धक्क्यानंतरचे आहेत.

सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच ठेवलं आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला ६५ लाखांचा वन बीएचके, त्यावर ५० लाखांचं कर्ज, व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते. दरमहा हप्ता ४३,३९१ रुपये. तुमचं घर खारघरला असेल, उलव्याला असेल किंवा कर्ज ३५ लाखांचं असेल, तरी गणिताची चाल हीच राहते. आकडे जवळच्या रुपयापर्यंत घेतले आहेत.

पहिल्या हप्त्यातले ४३,३९१ रुपये नेमके कुठे गेले?

३५,४१७ रुपये व्याजात, ७,९७४ रुपये मुद्दलात. रुपयातले जवळजवळ ८२ पैसे व्याजात गेले.

हा हिशोब कागदावर करून बघा, कॅल्क्युलेटरही फोनमधला चालेल. ५० लाखांचे ८.५ टक्के म्हणजे वर्षाला ४,२५,००० रुपये. त्याला १२ने भागलं की ३५,४१७. हे झालं एका महिन्याचं व्याज. हप्ता ४३,३९१ ठरलेला आहे, त्यातून व्याज वजा केलं की जे उरतं ते मुद्दलात जमा होतं. मुद्दलाला आधी काही बाजूला काढलेलं नसतं, ते नेहमी उरलंसुरलं असतं. ही एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

आणि दुसऱ्या महिन्यात?

आता कर्ज ४९,९२,०२६ रुपये उरलं. व्याज त्या रकमेवर लागेल, म्हणजे ३५,३६० रुपये. मागच्या महिन्यापेक्षा ५७ रुपयांनी कमी. हप्ता तोच, म्हणून हे वाचलेले रुपये मुद्दलात गेले आणि मुद्दल ८,०३१ झालं.

सुरुवातीला ही वाढ दिसतही नाही. पहिल्या वर्षभरात तुम्ही ५,२०,६९४ रुपये भरता आणि कर्ज कमी होतं ९९,५११ रुपयांनी. बाकीचे ४,२१,१८३ व्याजाचे. एक लाखही पुरतं फिटत नाही, हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगनंतर खाली उभ्या असलेल्या घोळक्यात मी बऱ्याचदा ऐकलं आहे. बोलणाऱ्याचा सूर प्रत्येक वेळी फसवलं गेल्याचाच असतो.

म्हणजे बँक सगळं व्याज आधी वसूल करून घेते, हे खरंच ना?

नाही. हा समज इतका पसरला आहे की कर्ज विकणारे एजंटही तेच सांगतात, पण तो चुकीचा आहे.

व्याज आधी वसूल करणं म्हणजे पुढच्या महिन्यांचं व्याज आज घेणं. तसं इथे काहीच होत नाही. पहिल्या महिन्यात तुम्ही बँकेचे ५० लाख वापरले, त्याचं एका महिन्याचं भाडं भरलं. १२१व्या महिन्यात तुमच्याकडे बँकेचे सुमारे ३५ लाख उरलेले असतात, म्हणून व्याज २४,७८९ रुपये होतं. शेवटच्या, २४०व्या हप्त्यात व्याज असतं फक्त ३०५ रुपये. दर तिन्ही वेळा तोच, वर्षाला ८.५ टक्के. रक्कम बदलली म्हणून व्याज बदललं.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी व्याज जास्त दिसतं याचं कारण बँकेच्या धोरणात नाही, हप्ता सारखा ठेवण्याच्या आपल्या सोयीत आहे. समजा दरमहा मुद्दल सारखं फेडायचं ठरवलं, ५० लाख भागिले २४०, म्हणजे २०,८३३ रुपये. मग पहिला हप्ता ५६,२५० रुपयांचा आला असता आणि दर महिन्याला थोडाथोडा उतरत गेला असता. पगार सुरुवातीला कमी आणि पुढे जास्त असतो, म्हणून कुणालाच हे परवडत नाही. त्यापेक्षा सारखा हप्ता बरा, आणि त्याची किंमत म्हणजे सुरुवातीला मुद्दल हळू फिटणं.

मग मुद्दल व्याजापेक्षा जास्त कधी होतं?

आपल्या उदाहरणात १४३व्या हप्त्याला, म्हणजे बारावं वर्ष संपत आल्यावर. तोपर्यंतची वाट अशी असते: पाच वर्षांनी, ६० हप्ते भरून झाल्यावर, तुम्ही २६ लाखांहून थोडे जास्त भरलेले असतात आणि कर्ज उरलेलं असतं ४४ लाख ६ हजार. दहा वर्षांनी ५२ लाख भरलेले असतात, म्हणजे घेतले त्याहून जास्त, आणि तरी सुमारे ३५ लाख शिल्लक असतात. अर्धी मुदत संपली, कर्ज मात्र तीस टक्केच फिटलं. कर्ज निम्म्यावर, २५ लाखांखाली, येतं ते १६६व्या हप्त्याला.

यात एक गंमत आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. मुद्दल आणि व्याज समसमान होण्याची वेळ कर्जाच्या रकमेवर अवलंबून नसते. ती फक्त दरावर आणि उरलेल्या हप्त्यांवर ठरते. ८.५ टक्क्यांना ती नेहमी ९८ हप्ते, म्हणजे सव्वाआठ वर्षांच्या जरा आत, शिल्लक असताना येते. कर्ज २० लाखांचं असो की दोन कोटींचं. अंदाज बांधायचा असेल तर ७२ला व्याजदराने भागा. ८.५ने भागल्यावर साडेआठच्या जवळ येतं. तेवढी वर्षं उरली असतील तर तुम्ही काठावर आहात, त्याहून जास्त उरली असतील तर अजून व्याजाच्या बाजूला आहात.

३० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता कमी होतो. त्यात वाईट काय?

हप्ता कमी होतो, पण कशातून कमी होतो ते बघा.

५० लाखांवर ८.५ टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता येतो ३८,४४६ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज किती? तेच, ३५,४१७. व्याजाला मुदतीशी देणंघेणं नाही, ते शिल्लक रकमेवर लागतं. म्हणजे हप्त्यातले जे ४,९४५ रुपये वाचले ते सगळेच्या सगळे मुद्दलातून कापले गेले. मुद्दलात गेले फक्त ३,०२९ रुपये. उलट १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ४९,२३७ आणि पहिल्याच महिन्यात मुद्दल १३,८२०.

२० वर्षांत एकूण व्याज साधारण ५४ लाख १४ हजार भरावं लागतं, ३० वर्षांत ८८ लाख ४० हजारांच्या आसपास. महिन्याला पाच हजारांची सवलत घेतली आणि त्यापोटी ३४ लाख जास्त भरले. मुद्दल व्याजाला गाठतं ते २६३व्या हप्त्याला, जवळजवळ बावीस वर्षांनी.

तरीही मी ३० वर्षांच्या मुदतीला सरसकट नावं ठेवणार नाही. नोकरी नवी आहे, घरात कमावणारं माणूस एकच आहे, गावी आईवडिलांना पैसे पाठवायचे आहेत, अशा वेळी कमी हप्ता हा आधार असतो. मुदत लांब घ्यावी आणि जमेल तेव्हा जास्तीचे पैसे भरावेत, हे करता येतं. अडचण एवढीच की बहुतेक जण पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

व्याजदर वाढला पण हप्ता वाढला नाही. म्हणजे मी वाचलो?

इथेच सगळ्यात जास्त पैसा जातो, आणि तोही आवाज न करता. म्हणून या उत्तराला जरा वेळ द्या.

बँकांची फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९पासून बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात, बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला. दर तीन महिन्यांतून एकदा तरी ती नव्या दरावर आणावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्या आपापल्या मूळ दराला कर्ज जोडतात. मे २०२२च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहा. नऊ महिन्यांत अडीच टक्के. अनेकांचा हप्ता मात्र जागचा हलला नाही. बँकेने मुदत वाढवली होती.

आता आपल्या उदाहरणात फक्त अर्धा टक्का वाढवून बघू. पहिलं वर्ष संपलं आहे, कर्ज ४९,००,४८९ रुपये आहे, २२८ हप्ते उरले आहेत आणि दर ८.५चा ९ टक्के झाला. महिन्याचं व्याज झालं ३६,७५४. हप्ता ४३,३९१च ठेवला तर मुद्दलाला उरले ६,६३७. वर्षभर हप्ते भरूनसुद्धा मुद्दलाचा वाटा पहिल्या महिन्यापेक्षा कमी झाला. या चालीने कर्ज फिटायला २२८च्या जागी २५२ हप्ते लागतात, शेवटचा थोडा लहान. जवळजवळ दोन वर्षं वाढली आणि सुमारे दहा लाख रुपये जास्त गेले.

त्याऐवजी मुदत तीच ठेवून हप्ता वाढवून घेतला असता तर? नवा हप्ता ४४,९३२, म्हणजे महिन्याला १,५४१ रुपये जास्त. उरलेल्या २२८ हप्त्यांत मिळून साडेतीन लाख. दरवाढ तीच, बँक तीच. साडेतीन लाख आणि दहा लाख यांतला फरक केवळ तुम्ही काय निवडलं, किंवा काहीच निवडलं नाही, याचा आहे.

दर आणखी चढला तर वाईट टोक येतं. याच ४९ लाखांवर दर १०.६ टक्क्यांच्या पुढे गेला तर महिन्याचं व्याजच ४३,३९१ला गाठतं. मुद्दलाला शून्य उरतं आणि त्यापुढे कर्ज फिटण्याऐवजी वाढू लागतं. १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने याला आळा घातला: मुदत वाढवताना हप्त्यातून निदान व्याज तरी पूर्ण निघालं पाहिजे. त्याच परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं करायचं, ही निवड कर्जदाराला द्यायची आहे. बँकेचा तसा एसएमएस किंवा ईमेल येतो, आणि तो आपण ऑफरच्या मेसेजसारखा पुसून टाकतो. उत्तर दिलं नाही तर बहुधा मुदत वाढते, कारण त्याने कुणाच्याच घरखर्चाला धक्का बसत नाही आणि तक्रारही येत नाही.

दर उतरला तर उलटं होतं का?

होतं. २०२५मध्ये रेपो ६.५०वरून डिसेंबरपर्यंत ५.२५वर आला. अशा वेळी हप्ता आहे तेवढाच राहू दिला तर व्याज घटल्याने मुद्दलाचा वाटा आपोआप फुगतो आणि मुदत आकसते. हप्ता कमी करून घ्यायचा मोह होतो, पण गरज नसेल तर करू नका.

फक्त तुमचा दर खरंच उतरला आहे का, ते तपासा. जुन्या कर्जदाराच्या दरातला रेपोच्या वरचा भाग, ज्याला स्प्रेड म्हणतात, तो नव्या ग्राहकापेक्षा जास्त राहिलेला असू शकतो. शेजाऱ्याला त्याच बँकेने पाव-अर्धा टक्का कमी दराने कर्ज दिलं असेल तर शाखेत जाऊन विचारायला लाजू नका. थोडी फी घेऊन दर बदलून मिळतो.

बोनसचे दोन लाख आले आहेत. आत्ता भरू की पुढे कधीतरी?

कर्जाच्या दृष्टीने आत्ता.

पहिलं वर्ष संपल्यावर दोन लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर २२८ऐवजी २०७ हप्ते लागतात. दोन लाख वजा जाता निव्वळ व्याजाची बचत सुमारे ७ लाख २९ हजार. हेच दोन लाख दहा वर्षं पूर्ण झाल्यावर भरले तर दहा-साडेदहा हप्ते वाचतात आणि बचत होते अडीच लाखांची.

ही जादू नाही. दोन लाखांवर दरवर्षी ८.५ टक्के वाचतात, चक्रवाढीने. एका बाबतीत एकोणीस वर्षं वाचतात, दुसऱ्यात दहाच. म्हणून 'आता व्याज भरून झालं, पार्ट पेमेंटला अर्थ नाही' असं कुणी म्हटलं तर तेही खरं नाही. उशिरा भरलेल्या पैशावरही तोच ८.५ टक्के वाचतो, फक्त कमी वर्षं. तेवढा खात्रीचा परतावा दुसरीकडे मिळतो का, एवढंच बघायचं. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर मात्र दोन लाख कर्जात टाकू नका. बँकेत गेलेला पैसा अडचणीच्या वेळी सहज परत मिळत नाही.

भरताना अर्जावर एक रकाना असतो: मुदत कमी करायची की हप्ता. वरच्याच पहिल्या वर्षानंतरच्या उदाहरणात हप्ता कमी करायला सांगितलं तर तो ४१,६२० होतो, महिन्याला १,७७१ रुपये वाचतात, आणि शेवटपर्यंतची निव्वळ बचत राहते दोन लाखांच्या जरा वर. मुदत कमी केली तर सव्वासात लाख. रकाना रिकामा सोडू नका. नेटबँकिंगने भरत असाल तर रक्कम मुद्दलात जमा झाली की पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहिली, हेही दोन दिवसांनी बघा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर, कर्जदार व्यक्ती असेल तर, मुदतीआधी भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२पासून आहे.

इमारत अजून बांधली जाते आहे. मी दरमहा भरतोय, पण कर्ज कमीच होत नाही.

तुम्ही प्री-ईएमआय भरत असणार. बिल्डरला स्लॅबप्रमाणे पैसे जातात. समजा ५० लाखांपैकी २० लाख दिले गेले, तर महिन्याला २० लाखांचं व्याज, १४,१६७ रुपये, तुमच्याकडून घेतलं जातं. त्यात मुद्दल एक रुपयाही नाही. वर ज्या २४० हप्त्यांची गोष्ट चालली आहे ते अजून सुरूच झालेले नाहीत. ताबा जितका लांबेल तितके हे महिने वाढतील, वर राहत्या घराचं भाडं वेगळं.

काही बँका पूर्ण हप्ता आधीपासून चालू करू देतात. खर्च झेपत असेल तर ते विचारा. २० लाखच दिलेले असताना ४३,३९१ भरले तर त्यातले २९ हजारांहून जास्त थेट मुद्दलात जातात.

बँकेचं स्टेटमेंट आणि इंटरनेटवरचा तक्ता जुळत नाही. काही गडबड आहे का?

बहुतेक वेळा नाही. तक्ता प्रत्येक महिना सारखा धरतो. अनेक बँका व्याज रोजच्या शिलकीवर काढतात आणि महिनाअखेरीला लावतात. मग ५० लाखांवर ३१ दिवसांच्या महिन्यात व्याज ३६,०९६ येतं आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ३२,६०३. मुद्दल त्याप्रमाणे पुढेमागे होतं. शिवाय कर्ज २० तारखेला मिळालं आणि हप्ता ५ तारखेला असेल तर मधल्या दिवसांचं व्याज वेगळं दिसतं.

काळजीचं कारण दुसरं आहे. तारखेला खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला आणि दंड लागला, तर त्याची नोंद शोधा. आणि कर्जाबरोबर विमा गळ्यात मारला असेल तर त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. ५० लाखांचं कर्ज घेतल्याचं आठवतं आणि स्टेटमेंटवर ५१ लाख ४० हजार दिसतात, ते बहुधा यामुळे. त्या जास्तीच्या रकमेवरही वीस वर्षं व्याज चालू असतं.

स्वतः तपासायचं कसं?

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये चार ओळी पुरतात.

```
=PMT(8.5%/12,240,-5000000)
=IPMT(8.5%/12,1,240,-5000000)
=PPMT(8.5%/12,1,240,-5000000)
=CUMPRINC(8.5%/12,240,5000000,1,12,0)
```

पहिली ओळ हप्ता देते. दुसरी पहिल्या हप्त्यातलं व्याज, तिसरी त्यातलं मुद्दल, आणि मधला १ बदलला की हव्या त्या क्रमांकाचा हप्ता दिसतो. चौथी ओळ पहिल्या १२ हप्त्यांत फिटलेलं मुद्दल देते, उत्तर उणे चिन्हासह येतं, त्याने घाबरू नका.

तेवढंही नको असेल तर स्टेटमेंटमधली शिल्लक रक्कम गुणिले दर भागिले १२ करा. या महिन्याच्या व्याजाच्या आसपास उत्तर आलं की झालं. बँकेने दर तिमाहीला आत्तापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं विवरण द्यायचं असतं, तेही २०२३च्या त्याच परिपत्रकाप्रमाणे. त्यातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी झाला आहे का, एवढं बघितलं तरी दरवाढीची चोरवाट पकडता येते.

दुसरी बँक ८ टक्क्यांनी कर्ज देते म्हणते आणि हप्ता थेट २९ हजारांवर येतोय. जाऊ का?

हप्ता इतका उतरला तर आधी मुदत विचारा.

दहा वर्षं झाली आहेत, सुमारे ३५ लाख उरले आहेत. जुन्या बँकेत पुढच्या हप्त्यात १८,६०२ रुपये मुद्दलात जाणार होते. नवी बँक तेच कर्ज पुन्हा २० वर्षांसाठी मांडते. हप्ता २९,२७३, त्यात मुद्दल ५,९४२. दहा वर्षं चढलेला घाट उतरून तुम्ही पुन्हा पायथ्याशी आलात. जुन्या बँकेला अजून ५२ लाख भरायचे होते, नवीला ७० लाख भराल. दर कमी असूनही १८ लाख जास्त.

तेच कर्ज ८ टक्क्यांनी उरलेल्या दहाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ४२,४६१ होतो आणि दहा वर्षांत एक लाख ११ हजार वाचतात. त्यातून प्रोसेसिंग फी, गहाणाच्या कागदांवरचं मुद्रांक शुल्क आणि वकिलाचा खर्च वजा करा. अर्ध्या टक्क्यासाठी, एवढ्या उशिरा, फार काही हाती लागत नाही. तोच फरक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळत असेल तर जरूर जावं.

आयकरात या विभागणीचा काय उपयोग?

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, स्वतः राहत असलेल्या घरासाठी. मुद्दलाची वजावट दीड लाखांच्या त्या मर्यादेत बसते ज्यात पीएफ आणि विमाही असतात. व्याजाची मर्यादा दोन लाख. पहिल्या वर्षी तुम्ही व्याज ४ लाख २१ हजार भरलं, म्हणजे निम्म्याहून जास्त व्याजावर सवलत नाहीच. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. 'टॅक्स वाचतो म्हणून कर्ज फेडू नका' हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, कोणती प्रणाली धरून बोलतोय.

शेवटचा हप्ता वेगळ्याच रकमेचा आला. असं का?

वीस वर्षांत दर कितीदा बदलला, दिवस मोजून व्याज लागलं, मधे पार्ट पेमेंट केलं, त्यामुळे शेवटी ४३,३९१ बरोबर बसत नाहीत. उरलेली रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज, एवढाच शेवटचा हप्ता असतो. काही वेळा तो हजार-दोन हजारांचा असतो. ईसीएस किंवा ई-मँडेट मात्र जुन्याच रकमेवर चालू राहू शकतं, म्हणून शाखेतून त्या तारखेची नेमकी रक्कम लिहून घ्या आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात पडल्यावर मँडेट रद्द करा. घराची मूळ कागदपत्रं कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळण्याचा नियम १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे. कागद घेताना यादी समोर ठेवून एकेक पान मोजून घ्या. करारनामा, इंडेक्स टू आणि बिल्डरच्या पावत्या आधी.